शेवटच्या राउंडनंतर नकार आला, तर कारण कसं काढायचं?

पत्र

ताई, नमस्कार. मी साताऱ्यात गोडोलीला राहतो. इथल्याच एमआयडीसीत एका मशीनिंग कंपनीत चार वर्षं क्वालिटीला आहे. शिरवळच्या एका कंपनीत सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी माझे तीन राउंड झाले. आधी एचआर मॅडमचा फोन, मग क्वालिटी मॅनेजरांचा व्हिडिओ कॉल आणि शेवटी प्लँट हेडसमोर प्रत्यक्ष मुलाखत. पगाराचं आणि माझ्या दोन महिन्यांच्या नोटीसचंही बोलणं झालं, म्हटलं झालंच काम. आठवड्याने नकाराचा मेल. मी लगेच उलट मेल केला, की मी कुठे कमी पडलो ते कृपया कळवा. उत्तर आलं, 'तुमचं प्रोफाइल चांगलं आहे, पुढे संधी आली तर संपर्क करू.' परत विचारलं तर लोचटपणा वाटेल का? मामांच्या ओळखीचे एकजण त्या कंपनीत स्टोअरला आहेत. त्यांच्याकडून आतली गोष्ट काढू का?

— एक वाचक, सातारा

उत्तर

परत विचार. लोचटपणा अजिबात नाही. फक्त मेलवर विचारू नकोस, आणि तोच प्रश्न विचारू नकोस. मामांच्या ओळखीचं शेवटाकडे बोलू.

माझी बरीच वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये भरती करण्यातच गेली, त्यामुळे तुझा मेल ज्या टेबलावर जाऊन पडला तिथे काय असतं ते आधी सांगते. बहुतेक प्लँटमध्ये प्रत्येक राउंडनंतर मुलाखत घेणारा एक असेसमेंट शीट भरतो. कुठे ती छापील असते, कुठे सिस्टिममध्ये. तांत्रिक ज्ञान, बोलणं, कामाचा अनुभव, टिकून राहील का, अशा रकान्यांत आकडे टाकायचे, खाली रिमार्कच्या दोन ओळी, आणि शेवटी सिलेक्ट, होल्ड किंवा रिजेक्ट. प्लँट हेडला तेवढ्यात दुसरी मीटिंग असते. तो चार शब्द खरडतो, सही करतो आणि शीट एचआरकडे जाते. तुझ्या मॅडमच्या हातात तुझ्याबद्दल एवढंच आहे. तांत्रिक बोलणं चालू असताना त्या त्या खोलीत होत्या असंही नाही. पुष्कळदा एचआर शेवटी पगाराचं बोलायला आत येतं.

आता तुझा प्रश्न त्यांच्या जागेवरून वाच. 'मी कुठे कमी पडलो?' याचं उत्तर द्यायचं तर त्यांना तुझ्या क्वालिटीच्या ज्ञानावर मत द्यावं लागेल, जे त्यांचं क्षेत्र नाही. ते मत प्लँट हेडच्या वतीने द्यावं लागेल, आणि तेही लेखी. लेखी कारण दिलं की उमेदवार काय करतात हे मला चांगलं माहीत आहे. 'पण मॅडम, हे तर मी सांगितलं होतं' इथपासून सुरुवात होते आणि मेल एमडींना सीसी करण्यापर्यंत जाते. म्हणून प्रत्येक एचआरकडे ते 'प्रोफाइल चांगलं आहे' वालं वाक्य तयार असतं. त्यात तुझ्याविषयी काहीच नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

(दर वेळी कुणीतरी विचारतं म्हणून इथेच लिहिते: खाजगी कंपनीने नकाराचं कारण दिलंच पाहिजे असा काही तुझा हक्क नाही. 2005 चा माहिती अधिकार कायदा सरकारी यंत्रणांसाठी आहे, शिरवळच्या कारखान्यावर तो चालत नाही. तेव्हा जे मिळेल ते त्यांच्या मर्जीने, हे धरूनच चालायचं.)

शेवटच्या राउंडचा नकार पहिल्या राउंडच्या नकारापेक्षा वेगळा असतो, आणि विचारायची पद्धत इथेच बदलते. प्लँट हेडपर्यंत जे दोन-तीन जण पोचतात, ते सगळे ते काम करू शकतात असं क्वालिटी मॅनेजरने आधीच म्हटलेलं असतं. मग निवड होते ती तुलनेने, किंवा तुझ्याशी काही संबंध नसलेल्या कारणाने. दुसऱ्याची नोटीस एका महिन्याची होती. दुसरा तुझ्यापेक्षा कमी पगारात तयार झाला. त्याच ग्रुपच्या दुसऱ्या प्लँटमधून माणूस बदली होऊन आला. किंवा जागाच तूर्त होल्डवर गेली आणि सगळ्यांनाच नकाराचा मेल गेला. यातलं काही असेल तर तू रात्रभर जागून मुलाखतीची उत्तरं उगाळण्यात अर्थ नाही. म्हणून पहिला प्रश्न असा हवा, की कारण मुलाखतीतलं की मुलाखतीबाहेरचं, एवढंच कळावं.

आता करायचं काय ते. फोन करण्याआधी, आजच, एक वही घेऊन बस आणि शेवटच्या राउंडला प्लँट हेडने काय काय विचारलं ते आठवेल तसं लिही. प्रत्येक प्रश्नाखाली तू सुरुवात कशाने केलीस ते लिही. चांगलं बोललास की वाईट हे लिहू नकोस. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्यावाचून पुढचा फोन फुकट जातो. मॅडम म्हणतील 'सप्लायर हँडलिंग', आणि तुला आठवणारच नाही की सप्लायरबद्दल नेमका कुठला प्रश्न होता.

मग मॅडमना व्हॉट्सॲपवर किंवा मेसेजने फोनची वेळ माग. त्यांनी तुला फोन केला होता त्याच नंबरवर. मेसेज साधारण असा:

> नमस्कार मॅडम. सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली होती. निर्णय कळला, तो मला मान्य आहे. तुम्ही तिन्ही राउंड वेळेत घेतलेत त्याबद्दल आभार. पुढच्या तयारीसाठी दोन छोटे प्रश्न विचारायचे होते. या आठवड्यात पाच मिनिटं फोनवर मिळाली तर मदत होईल. दुपारी चारनंतर चालेल का? लेखी काही नको आहे.

तुमचं बोलणं इंग्रजीत झालं असेल तर हेच इंग्रजीत टाक. यातली दोन वाक्यं मात्र गाळू नकोस. 'निर्णय मान्य आहे' हे वाचून त्यांना कळतं की तू भांडायला येत नाहीस. 'लेखी नको' याने त्यांची खरी अडचण जाते. आणि 'फीडबॅक द्या' असं न म्हणता 'दोन प्रश्न' म्हटलं की काम छोटं वाटतं आणि माणूस हो म्हणतो.

वेळेचंही थोडं भान ठेव. नकारानंतर आठवडा-दहा दिवसांच्या आत विचारलं तर शीट अजून हाताशी असते आणि तू कोण ते आठवतं. महिन्याने विचारलंस तर त्यांच्यापुढे तुझ्यानंतरचे वीस जण येऊन गेलेले असतात. छोट्या प्लँटमध्ये भरती आणि पगारपत्रक एकच व्यक्ती बघते, तेव्हा महिनाअखेर आणि एक ते सात तारीख टाळ.

फोन लागला की आधी आभार, मग थेट पहिला प्रश्न: 'मॅडम, निर्णय मुलाखतीवरून झाला, की पगार, नोटीस किंवा जागेचंच काही बदललं?' याचं उत्तर देताना त्यांना कुणावर मत द्यावं लागत नाही, म्हणून ते सहसा मिळतं. 'नोटीस' म्हणाल्या तर विषय तिथेच संपला. घरी जाऊन स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर काढ आणि नोटीसचे उरलेले दिवस पैसे भरून सोडवता येतात का ते वाच. पुढच्या मुलाखतीत 'दोन महिने' असं नुसतं न सांगता 'दोन महिने आहे, पण बायआउटची सोय आहे' असं सांगता येईल.

मुलाखतीवरून झाला म्हणाल्या, तर दुसरा प्रश्न: 'प्लँट हेड सरांच्या रिमार्कमध्ये एखादा विषय लिहिलाय का? शब्द नकोत, विषय कळला तरी पुरे.' बघ, इथे तू त्यांना मत विचारत नाहीयेस. समोरच्या कागदावर काय आहे ते वाचायला सांगतोयस. एचआरची मंडळी हे करतात.

आणि जे उत्तर येईल त्यावर तिसरा: 'हे कुठल्या प्रश्नावर वाटलं असेल?' खरी गोष्ट या तिसऱ्या प्रश्नात निघते. ती कशी, ते एका मुलीच्या उदाहरणावरून सांगते.

ही मुलगी सांगलीची. कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपच्या क्वालिटीला होती. पुण्याकडच्या एका कंपनीत तुझ्यासारखीच सप्लायर क्वालिटीची जागा, तुझ्यासारखाच प्लँट हेडसमोर शेवटचा राउंड, आणि नकार. फोनवर तिला कळलं ते एवढंच: 'सप्लायर हँडलिंगचं एक्सपोजर कमी.' ती खचली, कारण तिचं निम्मं काम तेच होतं. मग तिने सिक्स सिग्माच्या एका कोर्सची चौकशी केली, फी भरायच्या बेतात होती. मी म्हटलं, आधी परत फोन कर आणि कुठल्या प्रश्नावर ते विचार. एचआरने शीट उघडून वाचलं: कंटेनमेंट बोलली नाही.

प्रश्न असा होता. शुक्रवारी संध्याकाळी असेंब्ली लाइनवर कळतं, की सप्लायरकडून आलेल्या हाउसिंगचं बोअर ओव्हरसाइज आहे. काय कराल? तिने सुरुवात केली कारणांपासून. इन्सर्ट किती पीसनंतर बदलतात, ऑपरेटर ऑफसेट कधी देतो, सप्लायरचा बोअर गेज कॅलिब्रेट आहे का, पाच वेळा 'का' विचारायचं, मग सप्लायरकडून एट-डी रिपोर्ट मागवायचा. सगळं बरोबर. क्वालिटी मॅनेजर समोर असता तर खूश झाला असता. पण प्लँट हेडच्या डोक्यात शनिवारची पहिली शिफ्ट असते. लाइनवर असलेले पीस, स्टोअरमधले पीस, गाडीत रस्त्यावर असलेले, सप्लायरच्या गोदामात पॅक होऊन पडलेले, आणि ज्यांत हे हाउसिंग बसवून झालं ते तयार माल, यांचं काय? ते आधी रोखायचे, नो-गो प्लग गेज आत जातोय का बघून शंभर टक्के सॉर्टिंग लावायचं, खराब माल लाल टॅग लावून वेगळा करायचा, चांगला माल सकाळपर्यंत लाइनला द्यायचा. एट-डीच्या आठ पायऱ्यांतही हे कंटेनमेंट तिसऱ्या पायरीला, डी-थ्रीला येतं आणि मूळ कारण चौथ्या, डी-फोरला. ती डी-फोरवर उडी मारून गेली.

यातली मेख अशी, की सॉर्टिंग आणि लाल टॅग ती रोज करत होती. रोजचं म्हणूनच तिला ते प्लँट हेडला सांगण्यासारखं वाटलं नाही. मुलाखतीत हुशारीचं काहीतरी सांगावं म्हणून ती कारणांकडे वळली. 'एक्सपोजर कमी' या शेऱ्याने तिला कोर्सकडे पाठवलं असतं, आणि कोर्सने तिचं मूळ कारण शोधणं आणखी लांबलं असतं. म्हणजे आजार वाढला असता. तिला बदलायचं होतं ते उत्तरातलं पहिलं वाक्य. पुढच्या मुलाखतींत ती 'आधी माल कुठे कुठे आहे ते बघते' इथून सुरू करायला लागली. पुढे तिला नोकरी लागली, पण त्यात या एका वाक्याचा वाटा किती हे मी सांगू शकत नाही, आणि कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

तुझं कारण हेच असेल असं मी म्हणत नाही. पण मिळालेला शेरा कामाचा आहे का हे या उदाहरणावरून तपासता येतं: त्यावरून तुला वहीतल्या एका प्रश्नावर बोट ठेवता येतंय का? येत असेल तर कामाचा. 'कॉन्फिडन्स कमी', 'कल्चर फिट नाही', 'एक्सपोजर हवं' यावर बोट ठेवता येत नाही, तिथे तिसरा प्रश्न विचारायचाच.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'दुसरा उमेदवार जास्त सुटेबल होता.' यावर 'का?' विचारलंस तर पुन्हा तेच वाक्य येईल. पर्याय देऊन विचार: 'त्यांना याच प्रकारच्या पार्टचा अनुभव होता, की सप्लायर ऑडिटचा जास्त होता, की सरांना मुलाखतीत काही वेगळं दिसलं?' पर्याय समोर आले की माणूस एक उचलतो. समजा कळलं की निवडलेल्याला कास्टिंगच्या सप्लायरचा अनुभव होता आणि तुझा सगळा मशीनिंगचा. मग मुलाखतीत सुधारण्यासारखं काही नाही. ज्या जागेच्या जाहिरातीत कास्टिंग लिहिलंय तिथे तुझा नंबर मागेच लागणार, हे धरून अर्ज कर, किंवा आताच्या कंपनीत इनकमिंग कास्टिंग तपासायचं काम मागून घे.

मॅडम म्हणू शकतात, 'रिमार्क काही नाहीये हो, नुसतं रिजेक्ट आहे.' असंही असतं, आणि त्या बहाणा करत नसतात. मग एकच विनंती: 'सरांशी बोलणं झालं तर एवढं विचाराल का, की कुठली एक गोष्ट येत असती तर त्यांनी माझा विचार केला असता?' उत्तर आलं तर आलं. आठवडाभर वाट बघ, एकदा आठवण कर, आणि मग गप्प बस. तिसऱ्या मेसेजला मात्र तू म्हणतोस तो लोचटपणा सुरू होतो.

फोनवर एक गोष्ट कटाक्षाने टाळ. शेरा चुकीचा वाटला तरी 'नाही मॅडम, मी तर...' असं तोंडातून निघू देऊ नकोस. 'हो, लिहून घेतो' म्हण आणि खरोखर लिही. खोडून काढायचा असेल तर तो वहीत, रात्री. तुझं स्पष्टीकरण ऐकून निर्णय बदलायचा अधिकार त्यांना नाही. तू मांडायला लागलास की त्यांना फोन ठेवायची घाई होते आणि तिसरा प्रश्न राहून जातो. शिवाय हे एका प्लँट हेडचं एका दुपारचं मत आहे, तेवढ्यावर आपलं सगळं बोलणं उलटंपालटं करायचं नाही. वेगळ्या कंपनीत तोच विषय परत निघाला तर मात्र तो गंभीरपणे घे.

तू थेट अर्ज केला होतास असं धरते. कन्सल्टन्सीमार्फत गेला असतास, तर कंपनीच्या एचआरला फोन करायचा नाही, आधी कन्सल्टंटलाच विचारायचं. तो मोकळेपणाने बोलतो, कारण तू कुठेतरी जॉइन झालास तरच त्याला कंपनीकडून पैसे मिळतात, साधारण 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या सीटीसीतला एका महिन्याचा हिस्सा. तुला पुढच्या ठिकाणी तयार करण्यात त्याचाही फायदा आहे. पण प्लँट हेडचं एचआरला, एचआरचं त्याला आणि त्याचं तुला असं येता येता शेऱ्याचं पार भरीत झालेलं असतं. त्यालाही तिसरा प्रश्न विचारच.

आता मामांचे ते स्टोअरवाले. त्यांना यात घालू नकोस. असेसमेंट शीट स्टोअरला जात नाही, तेव्हा त्यांना काही माहीत असण्याचं कारण नाही. ते चहाच्या वेळी एचआरमधल्या कुणालातरी विचारतील, 'आमच्या त्या पोराचं काय झालं?' परत येईल ती कँटीनमधली बातमी: अमक्याचा माणूस लागला, आधीच ठरलं होतं. खरं असेल, खोटं असेल, तुला त्यातून एक उत्तरही सुधारता येणार नाही. आणि मॅडमना हे कळतंच. गोपनीय शीटची चौकशी बाहेरून चाललीय म्हटल्यावर तुझा पाच मिनिटांचा फोन गेला. ओळख वापरायचीच तर पुढे तिथे जागा निघाली की कळवा एवढ्यापुरती वापर.

फोन ठेवण्याआधी आणखी एक विचारून घे: 'ही जागा भरली, की ऑफर दिलेली आहे?' या दोन्हींत मोठा फरक आहे. निवडलेला माणूस ऑफर घेतो, मग दोन-तीन महिने नोटीस काढतो, आणि तेवढ्यात त्याला दुसरीकडून जास्त पगार मिळाला किंवा जुन्या कंपनीने थांबवून घेतलं तर तो येतच नाही. एचआरमध्ये हे नित्याचं आहे. त्या दिवशी प्लँट हेड ओरडत असतो आणि मॅडम पुन्हा जाहिरात देण्याआधी मागची यादी काढतात. त्या यादीत तू तिन्ही राउंड पार केलेला माणूस आहेस. 'ऑफर दिलीय' असं उत्तर आलं, तर कॅलेंडरमध्ये दोन महिन्यांनंतरची तारीख टाक आणि त्या सुमारास एकच ओळ पाठव: 'मॅडम, तुम्ही सांगितलेल्या विषयावर काम केलंय. सप्लायर क्वालिटीला काही निघालं तर मी उपलब्ध आहे, नोटीस दोन महिने.' बायआउट होत असेल तर तेही त्याच ओळीत.